जनावरांना हाक देणे : विदर्भातील प्रथा

जनावरांना हाक देणे : गोठ्यात शिरताना, वेसण धरताना, दूध काढायला बसताना किंवा अंगणात आलेल्या कुत्र्यामांजराला पाहून मोठ्याने बोलण्याची रीत. विदर्भातील शेतकरी कुटुंबांत ती रोजची आहे. ‘काय रे ढवळ्या’, ‘ऊठ वं माय’ अशी तिची रूपे असून, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना दिले जाणारे ‘आवतन’ हे तिचे विधीबद्ध रूप मानता येते.

आवतन : पोळा (वऱ्हाडी उच्चार ‘पोया’) श्रावण अमावास्येला येतो. तोपर्यंत डवरणी बहुधा आटोपलेली असते आणि बैलाचा खांदा जुवाखाली महिना-दोन महिने घासलेला असतो. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. खांदा कोमट पाण्याने धुतात आणि तूप-हळदीचे मिश्रण बहुधा पळसाच्या पानाने खांद्यावर चोळतात. मग बैलाला म्हणतात : ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ एरवी ‘अरे-तुरे’ने हाक मारला जाणारा बैल या एका वाक्यापुरता आदरार्थी होतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘आवतन’ हा शब्द प्रमाण मराठीत ‘आवतण’ असा आहे. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो. त्याच्या व्युत्पत्तीबाबत दोन दिशा संभवतात. ‘आवर्तन’ या संस्कृत शब्दाशी त्याचे रूप जुळल्यासारखे वाटते आणि दरवर्षी फिरून येणारा सण म्हणून अर्थही बसवता येतो. परंतु आवतण हे केवळ पोळ्याचे नसते. लग्नाच्या किंवा श्राद्धाच्या जेवणाचेही असते, आणि तेथे फिरून येण्याचा अर्थ लागत नाही. ‘आमंत्रण’पासून हा शब्द आला असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होणे मराठीत नेहमीचे आहे (ग्राम–गाव, नाम–नाव), आणि ‘न्त्र’ हे जोडाक्षर झिजून ‘त’ उरल्याचे उदाहरण ‘यंत्र’पासून झालेल्या ‘जाते’ या शब्दात सापडते. मधले रूप ‘आवंतण’ असे असावे. हे बदल प्राकृतकाळाकडे बोट दाखवतात. मात्र शब्द जुना म्हणून बैलाला तो म्हणण्याचा विधीही तितकाच जुना, असा निष्कर्ष काढता येत नाही.

खांदशेकणीला व्यवहाराचीही बाजू आहे. बोलता बोलता हात खांद्यावरून फिरतो आणि गाठ, सूज किंवा गरम लागणारी जागा हाताला कळते. बैल एरवी उभा राहतो, पण त्याच जागी हात येताच कातडी थरथरवतो किंवा मान काढून घेतो, तर तेथे दुखते आहे. कातडी फाटलेली असल्यास तेथे चोळू नये. जखम धुऊन औषध लावावे आणि ती भरेपर्यंत त्या खांद्यावर जू ठेवू नये.

रोजची हाक : गायबैलाला डोके न वळवता सुमारे 330 अंशांपर्यंतचे दिसते, नेमका शेपटीमागचा भाग दिसत नाही. कान तीक्ष्ण असतात, साधारण 23 हर्ट्झपासून 35 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यांना ऐकू येतो. पण आवाज कोणत्या बाजूने आला हे ओळखण्यात ते कच्चे असतात. माणूस एखाद्या अंशाचा फरक ओळखतो, तेथे गुरांना सुमारे 30 अंशांचा फरक लागतो. म्हणून एकदाच हाक मारून गप्प होणे आणि मग मागून जाणे धोक्याचे आहे. जनावराला कोणीतरी आल्याचे कळलेले असते, पण कोठे आहे ते कळलेले नसते. लाथ बसते ती बहुतेकदा अशा वेळी. गोठ्याच्या दारातच थांबून नाव घ्यावे, कान वळेपर्यंत वाट पाहावी, मग खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जावे आणि हात लागेपर्यंत बोलणे तोडू नये.

दुधाच्या जनावरात हाकेचा परिणाम मोजता येतो. नागपुरी म्हशीचे उदाहरण घेऊ. ती एका वेळी अडीच लिटर दूध देते असे धरले, तर दोहनापूर्वी कासेच्या पोकळीत त्यातले जेमतेम 5 टक्के, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास दूध उतरलेले असते. गायीत हे प्रमाण सुमारे 20 टक्के असते. बाकीचे दूध कासेतील सूक्ष्म पिशव्यांत असते आणि ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात आल्याशिवाय ते खाली येत नाही. यालाच पान्हा सोडणे म्हणतात. ओळखीचा आवाज, ढेपेचे टोपले, वासराचे ढुसणे, सडांवरचा हात या ठरलेल्या क्रमाने पान्हा फुटतो. म्हशीला त्यासाठी साधारण दोन मिनिटे लागतात आणि त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. दोहणारा अनोळखी असेल, ओरडला असेल किंवा मागून अचानक आला असेल, तर भीतीने स्रवणारे अ‍ॅड्रेनालिन पान्हा अडवते. पहिल्या धारा निघतात आणि सड रिकामे लागतात. या अवस्थेत ओढत राहिल्यास सड दुखावतात आणि म्हैस पुढच्या वेळीही पान्हा चोरते. अर्धा तास थांबून, नेहमीच्या माणसाने नेहमीच्या शब्दांनी पुन्हा सुरुवात करणे हाच उपाय. शब्द कोणते हे गौण असते. चढउतार आणि क्रम तोच हवा. घरातला दोहणारा बदलायचा असेल, तर नव्या माणसाने आधी आठवडाभर जुन्याच्या शेजारी बसून बोलत राहावे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 516 दुग्धव्यावसायिकांपैकी गायींना नावाने हाक मारणाऱ्यांकडे दर वेताला सरासरी 258 लिटर अधिक दूध आढळले. हा आकडा वारंवार उद्धृत होतो, पण नावामुळे दूध वाढले असे त्यातून सिद्ध होत नाही. नाव ठेवणारा माणूस इतर काळजीही घेत असतो. व्हिएन्ना येथील 2020 चा प्रयोग लहान, अवघ्या 28 कालवडींवरचा असला तरी अधिक नेमका आहे : कुरवाळताना प्रत्यक्ष बोललेला आवाज ध्वनिमुद्रित आवाजापेक्षा त्यांना अधिक शांत करीत होता.

माणसाला मिळणारा लाभ : हाकेला रोज मिळणारे उत्तर ठरावीक असते. कान वळतो, बसलेले जनावर मागचे पाय आधी उचलून उठते, गाय हंबरते. एखाद्या सकाळी हे उत्तर आले नाही, तर आजार डोळ्यांना दिसण्याआधीच मालकाला कळतो. मग नाकपुडी कोरडी आहे का, कान गार आहेत का, रवंथ थांबला आहे का, हे पाहिले जाते. मुक्या गोठ्यात ही खूण उशिरा सापडते. शिवाय जागलीला एकटा राहणारा माणूस दिवसाचे पहिले बोलणे अनेकदा बैलाशीच करतो, आणि ते त्याला हवेसे असते.

भटकी जनावरे : गावकुत्र्याला ‘यू यू’ने बोलावतात, ‘हाड’ने हाकलतात. कोलकात्याजवळच्या संशोधकांनी 2017 मध्ये भटक्या कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत, अन्नापेक्षा प्रेमळ स्पर्शाने कुत्री अनोळखी माणसावर अधिक विश्वास टाकू लागली. हाक मात्र स्पर्शाची परवानगी नव्हे. कुत्रे स्वतः जवळ येऊन सैल अंगाने उभे राहिले तरच हात पुढे करावा. नेहमी हाकेला येणारे कुत्रे ओळख दाखवत नसेल, आवाज बदललेला असेल, लाळ गळत असेल, तर पिसाळल्याची शंका धरून दूर राहावे. चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.