ड्युपित्रां आकुंचन

ड्युपित्रां आकुंचन हा तळहाताच्या त्वचेखालील तंतुमय पडद्याचा विकार आहे. यात तो पडदा जाड होऊन दोरीसारखा ताठतो आणि बोट, बहुधा अनामिका, काही वर्षांच्या अवधीत हळूहळू तळहाताकडे ओढले जाते. करंगळीचा क्रम त्याखालोखाल लागतो. अंगठा व तर्जनी क्वचितच सापडतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हा विकार ‘ड्युपिट्रन्स कॉन्ट्रॅक्चर’ या नावाने येतो. फुगून वर आलेली दोरी पाहणाऱ्याला कंडरेसारखी, म्हणजे बोट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरासारखी, दिसते आणि ‘शीर आखडली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात कंडरा निर्दोष असते, आणि ही गोष्ट उपचारांच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

कंडरेचा हा गैरसमज मोडून काढण्याचे श्रेय पॅरिसमधील ओतेल-द्यू रुग्णालयाचे शल्यचिकित्सक गीयोम ड्युपित्रां यांना दिले जाते. हा विकार असलेल्या एका मृत वृद्धाच्या हाताचे त्यांनी विच्छेदन केले. त्वचा उचलून बाजूला केली तरी बोट वाकलेलेच राहिले. मात्र खालच्या पडद्याचे ताणलेले पट्टे कापताच ते सरळ झाले, आणि कंडरांना हातही लावावा लागला नाही. त्यानंतर 1831 मध्ये त्यांनी एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली. अनामिकेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन पडदा कापताना कडकड असा आवाज ऐकू आल्याची नोंद आहे. वास्तविक लंडनचे हेन्री क्लाइन व ॲस्टली कूपर हे त्यांच्या आधीच पडद्यापर्यंत पोहोचले होते. पण वैद्यकात नाव पुष्कळदा पहिल्या शोधणाऱ्याऐवजी ते ठासून सांगणाऱ्याचे राहते.

या पडद्याला प्रावरणी म्हणतात. ती तळहाताची त्वचा खालच्या भागांशी घट्ट बांधून ठेवते, म्हणूनच मूठ आवळली तरी तळहाताचे कातडे सरकत नाही. विकारात तिच्यातील तंतुजनक पेशी आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचे रूप घेतात. त्या नवे कोलॅजन घालतात आणि भोवतालचे जाळे आवळत नेतात. प्रारंभी अनामिकेच्या मुळाजवळ, तळहातावरील आडव्या रेषेच्या आसपास, एक टणक गाठ लागते. ती दाबल्यावर थोडी दुखू शकते. त्वचेवर खळगा पडतो आणि पुढे गाठीपासून बोटाकडे दोरी तयार होते. मात्र गाठ आली म्हणजे बोट वाकणारच, असे नाही. अनेकांच्या हातात ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

हा विकार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत, अधिक आढळतो आणि बहुधा घराण्यात चालत येतो. धूम्रपान, अतिमद्यपान व मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. भारतात तो तुलनेने विरळ आहे. मधुमेहींमध्ये तो बहुधा सौम्य असतो.

महाराष्ट्रातील डॉक्टरापुढे वाकलेली अनामिका आली की आणखी दोन शक्यता तपासाव्या लागतात. ट्रिगर फिंगरमध्ये बोट अडकते आणि ‘टक्’ आवाज करून सुटते. दुसऱ्या हाताने ते सरळ करता येते. कुष्ठरोगात कोपराजवळची मज्जातंतू बाधित झाल्यास अनामिका व करंगळी पंज्यासारख्या वळतात. पण त्यात बोटाच्या मुळाचा सांधा मागे ताणलेला असतो, करंगळीची संवेदना कमी होते आणि तळहातात दोरी लागत नाही. ड्युपित्रां आकुंचनात याउलट मुळाचा सांधाच बहुधा आधी वाकतो, संवेदना शाबूत असते आणि बोट कितीही ओढले तरी सरळ होत नाही.

घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. हात टेबलावर पालथा ठेवून तळवा व बोटे एकाच वेळी सपाट टेकतात का, ते पाहावे. टेकत असतील तर सहसा थांबून दर काही महिन्यांनी तपासणे पुरेसे असते. मालीश, व्यायाम किंवा रात्रीची पट्टी यांनी दोरी विरघळते असे सिद्ध झालेले नाही. टेकेनासे झाले, तोंडावर पाणी मारताना बोट डोळ्यात जाऊ लागले किंवा भाकरी थापताना तळवा पसरेना, की हस्तशल्यचिकित्सकाला दाखवावे. मुळाचा सांधा सुमारे 30 अंश वाकला असल्यास, अथवा मधला सांधा वाकू लागला असल्यास, हस्तक्षेपाचा विचार केला जातो. मधल्या सांध्याबाबत अधिक घाई असते, कारण तो फार दिवस वाकून राहिला की त्याचे स्वतःचे बंधही आखडतात आणि दोरी काढूनही पूर्ण सरळ होत नाही. मुळाचा सांधा या बाबतीत बराच सोशिक आहे.

समजा, पासष्टीच्या एका रुग्णाची अनामिका मुळाशी 45 अंश वाकली आहे, मधला सांधा सरळ आहे आणि तळहातात एकच स्पष्ट दोरी लागते. येथे सुईने दोरी तोडण्याचा उपाय चांगला बसतो. फक्त त्वचेपुरती भूल दिली जाते. खोलवर दिल्यास बोटाची मज्जातंतू बधिर होईल आणि सुई तिला टेकली तरी रुग्णाला कळणार नाही. ‘बोटात करंट गेला’ असे तो म्हणताच सुई मागे घेतली जाते. शिवाय रुग्णाला बोटाचे टोक हलवायला सांगतात: त्याबरोबर सुईही हलली, तर ती दोरीत नसून कंडरेत आहे. मग सुईच्या धारेने दोरी दोन-तीन ठिकाणी कुरतडून बोट सावकाश ताणले जाते, आणि दोरी तुटल्याचे हाताला जाणवते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ताणताना कधी त्वचा चिरते. ती मलमपट्टीने भरून येते.

याची उणी बाजू म्हणजे दोरी जागेवरच राहते. नेदरलँड्समधील एका तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांनी सुईच्या उपचारानंतर सुमारे 85 टक्के, तर दोरी कापून काढल्यावर सुमारे 21 टक्के रुग्णांत आकुंचन परतले होते. तरीही वयस्कर रुग्ण पुन्हा सुईच निवडतात, आणि त्यात गैर काही नाही.

त्याच रुग्णाचा मधला सांधा 40 अंश वाकलेला असता, किंवा दोरी बोटात शिरून पसरलेली असती, तर नागमोडी छेद घेऊन विकृत प्रावरणी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरते. तिचा खरा धोका मज्जातंतूचा असतो. दोरी कधी मज्जातंतू व रोहिणीभोवती वेढा घालून त्यांना बोटाच्या मध्याकडे, त्वचेच्या अगदी जवळ खेचून आणते, त्यामुळे पहिल्याच छेदात त्या कापल्या जाऊ शकतात. म्हणून शल्यचिकित्सक त्या निरोगी भागातून शोधत पुढे सरकतो. रक्त साचणे, जखम भरायला विलंब आणि बोट ताठ होणे हेही संभवते. बरे व्हायला अनेक आठवडे जातात व फिजिओथेरपी लागते. वारंवार परतणाऱ्या विकारात वरची त्वचाही काढून तेथे त्वचारोपण केले जाते.

कोलॅजन विरघळवणाऱ्या कोलॅजिनेज विकराचे इंजेक्शन अमेरिकेत 2010 मध्ये मान्य झाले. उत्पादकाने व्यापारी कारणांसाठी 2020 मध्ये ते युरोपीय बाजारातून काढून घेतले. काही देशांत सुरुवातीच्या गाठींवर किरणोपचार दिले जातात, पण एकदा वाकलेले बोट त्याने सरळ होत नाही.