व्हीपीएन चालू असताना ‘मी रोबोट नाही’ किती वेळा सांगावं लागतं, आणि रुपयाचा डॉलर का होतो

वरूड तालुक्यातल्या आमच्या फायबर ग्राहकांसाठी

मागच्या संत्र्याच्या हंगामात एक ग्राहक लॅपटॉप काखेत मारून दुकानात आले. पोराला संत्र्याच्या थेट विक्रीसाठी वेबसाइट काढायची होती, त्यासाठी होस्टिंग विकत घ्यायचं होतं. दोन दिवसांपासून काम पुढं सरकत नव्हतं. “सिग्नल दाखव, मोटारसायकल दाखव, झेब्रा क्रॉसिंग दाखव. मी काय आरटीओत लागलो का भाऊ?” आणि एवढं सगळं ओळखून झाल्यावर होस्टिंगचा दर समोर आला तो सिंगापूर डॉलरमध्ये. यूपीआयचा पर्याय गायब. तक्रार अर्थातच आमच्या लाइनची होती.

लाइन ठीक होती. लॅपटॉपवर कोणीतरी फुकटचं व्हीपीएन टाकून दिलं होतं, ‘स्पीड वाढते’ म्हणून. (वाढत नाही. एखादा रस्ता तुंबलेला असेल तर दुसऱ्या वाटेनं क्वचित फायदा होतो, एरवी वळसाच पडतो.)

व्हीपीएन चालू केलं की तुमची प्रत्येक मागणी आधी व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढं साइटकडे निघते. साइटला दिसतो तो त्या सर्व्हरचा आयपी पत्ता, तुमचा नाही. त्याच पत्त्यावरून त्याच वेळी शेकडो, कधी हजारो अनोळखी माणसंही बाहेर पडत असतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, ते विकत किंवा भाड्यानं घ्यावे लागतात, म्हणून फुकटवाला थोड्याच पत्त्यांवर जास्तीत जास्त माणसं बसवतो.

आता आपल्या मंडीचं बघा. एकाच गाडीत चाळीस जणांचे क्रेट आले आणि त्यातल्या दोन क्रेटमध्ये सडका माल निघाला, तर अडत्या नावं विचारत बसत नाही, गाडीचा नंबर बघून अख्खी गाडी उलटून पाहतो. व्हीपीएनच्या गाडीत तुमच्यासोबत कोण असतं? चोरलेले पासवर्ड हजारो खात्यांवर लावून बघणारे प्रोग्राम असतात, दुकानांचे दर दर मिनिटाला उचलणारे असतात, तिकिटं अडवणारे असतात. त्यांनाही आपला पत्ता लपवायचाच असतो. साइट मात्र एका पत्त्यावरून मिनिटाला किती मागण्या आल्या ते मोजते. आकडा एका घराला शोभण्यापलीकडे गेला की कॅपचा, म्हणजे ती ‘मी रोबोट नाही’वाली चित्रांची तपासणी, लावते. गुगलच्या पानावर तेव्हा `Our systems have detected unusual traffic from your computer network` असं वाक्य येतं. काही साइट कॅपचाही देत नाहीत, सरळ `429 Too Many Requests` दाखवून दार लावतात.

कॅपचा सोडवूनही परत का येतो, हा त्या ग्राहकांचा खरा प्रश्न होता. सोडवल्यावर साइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते, ‘याला तपासलं आहे’ अशी चिठ्ठी समजा. पत्त्याची बदनामी तिनं पुसली जात नाही. तुम्ही चित्रं टिपत असताना गाडीतले बाकीचे त्यांचे उद्योग करतच असतात. त्यात व्हीपीएननं मध्येच तुटून दुसऱ्या पत्त्यावरून जोडणी केली, तर जुनी चिठ्ठी बऱ्याच साइट मानत नाहीत. आणि इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की चिठ्ठीच नाहीशी होते. हे ग्राहक कंटाळून दर वेळी नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडत होते, म्हणजे पहिल्या पायरीवर परत.

चलनाची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त चकवणारी. त्यांनी व्हीपीएनमध्ये देश ‘भारत’च निवडला होता. मग सिंगापूर कुठून आलं? एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. आता ‘भारत’ म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा सिंगापूरसारख्या ठिकाणी ठेवलेलं यंत्र असतं, फक्त त्याचा पत्ता भारताच्या नावावर नोंदवलेला असतो. कोणता पत्ता कोणत्या देशाचा, याच्या याद्या वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि साइट त्यातली एखादी वापरते. एक यादी नोंद बघून भारत म्हणते, दुसरी यंत्र खरं कुठं आहे ते हुडकून सिंगापूर म्हणते, तिसरी वर्षभरापूर्वीचीच माहिती धरून बसते. एमपी पासिंगची गाडी वरूडचा माणूस चालवत असला तरी नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबरच वाचतो, तसं हे.

आम्ही त्यांच्यासमोरच लॅपटॉपच्या कमांड विंडोत दोन ओळी टाकल्या. तुम्हीही टाकून बघा.

```
curl ipinfo.io/country
curl ipinfo.io/org
```

पहिल्या ओळीचं उत्तर आलं `IN`. म्हणजे या यादीप्रमाणे भारत, पण होस्टिंगवाल्याच्या यादीप्रमाणे सिंगापूर. दुसऱ्या ओळीत एका परदेशी सर्व्हर-भाड्याच्या कंपनीचं नाव आलं. सामान्य माणूस घरून नेट वापरतो, सर्व्हरच्या गोदामातून नाही, हे साइटलाही कळतं. त्यामुळे अशा पत्त्यावर तिचा संशय सुरुवातीपासूनच जास्त असतो. व्हीपीएन बंद करून तीच ओळ परत टाकली, तर आपल्या लाइनचं नाव आलं. कॅपचा तिथंच थांबला.

दर मात्र अजून डॉलरमध्येच! पहिल्या भेटीत ठरवलेलं चलन साइटनं कुकीत लिहून ठेवलं होतं. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकावरच्या चिन्हावर टिचकी मारून `Site settings` मध्ये गेलो, तिथं `Delete data` केलं, पान नव्यानं उघडलं. रुपये आले, यूपीआय आलं. तसेच डॉलरमध्ये पैसे भरायला गेले असते तर कार्डावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क लागलं असतं, किंवा व्यवहारच फसला असता, कारण २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाहीत. खातं उघडतानाच देश चुकीचा नोंदला गेला असेल, तर कुकी पुसून भागत नाही. मग त्या साइटच्या ग्राहक सेवेलाच लिहावं लागतं.

ऑफिसच्या कामासाठी ज्यांना व्हीपीएन लागतंच, त्यांनी ते काढू नये. ॲपमध्ये `Split tunneling` शोधा आणि ब्राउझर किंवा खरेदीची ॲप त्यातून वगळा, म्हणजे ती आपल्या लाइननं सरळ जातील. पैसे भरून स्वतंत्र पत्ताही मिळतो. त्यानं गर्दीचा त्रास जातो, पण पत्ता गोदामातलाच राहतो, त्यामुळे कॅपचा पूर्ण जाईलच असं आम्ही सांगणार नाही.

एक गोष्ट आमच्याकडचीही. पत्ते अपुरे असल्यानं आम्हीही काही घरांना एका पत्त्यावर ठेवतो. मोबाइल कंपन्याही ठेवतात. तुमच्या राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन पत्ता `100.64` ते `100.127` यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही त्यातले. म्हणून व्हीपीएन बंद असूनही घरातल्या दोन वेगळ्या यंत्रांवर कॅपचा येत असेल, आणि फोनच्या हॉटस्पॉटवर येत नसेल, तर आम्हाला सांगा. बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातला स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर व्हायरस लागून रात्रंदिवस कचरा पाठवत असतो. तो शोधायला आम्हाला स्क्रीनचा फोटो आणि नेमकी वेळ लागते. “काल संध्याकाळी केव्हातरी” एवढ्यावर घर सापडत नाही.