हाडं तयार होण्याआधी गर्भाला रक्त कुठून येतं?

"रक्त हाडांच्या मगजात बनतं. मग हाडं तयार होईपर्यंत बाळाच्या अंगात आईचंच रक्त फिरत असणार ना?"

नाही. बाळ पहिल्यापासून स्वतःचं रक्त स्वतःच बनवतं. वारेतून प्राणवायू आणि पोषण येतं, पण दोघांचं रक्त एरवी वेगळंच राहतं. म्हणूनच आईचा गट ओ आणि बाळाचा ए असू शकतो.

सुरुवात होते तिसऱ्या आठवड्यात, गर्भाला जोडलेल्या योक सॅक नावाच्या पिशवीच्या भिंतीत. इथल्या तांबड्या पेशी मोठ्या असतात आणि केंद्रक घेऊनच रक्तात उतरतात. पुढे गर्भाच्या महाधमनीच्या भिंतीतून रक्ताच्या मूळपेशी निघतात आणि यकृतात मुक्काम करतात. खरा कारखाना हाच, साधारण सहाव्या आठवड्यापासून सातव्या महिन्यापर्यंत. बाराव्या आठवड्याच्या यकृताचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर यकृतपेशींच्या मधोमध गडद केंद्रकांचे पुंजके दिसतात. त्या घडत असलेल्या तांबड्या पेशी.

अस्थिमज्जा, म्हणजे हाडांचा मगज, तिसऱ्या महिन्याच्या आसपास कामाला लागते, मुख्य भार मात्र शेवटच्या तिमाहीत उचलते.

यकृताची ही क्षमता आजारातही दिसते. आर-एच निगेटिव्ह आईच्या प्रतिपिंडांनी बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या, की यकृत आणि प्लीहा उत्पादन वाढवतात. दोन्ही अवयव सुजतात आणि रक्तात केंद्रक असलेल्या अपक्व पेशी सापडतात.