रातांधळेपणात नेमकं काय कमी पडतं?

१९६० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या जॉन डाउलिंग आणि जॉर्ज वॉल्ड यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आहारातून अ जीवनसत्त्व पूर्ण काढून टाकलं की उंदरांची वाढ खुंटते, ते आजारी पडतात आणि मरतात. त्यामुळे डोळ्यांचं पुढे काय होतं, हे बघायला ते हातात राहतच नाहीत. यावर उपाय म्हणून या दोघांनी उंदरांना अ जीवनसत्त्वाऐवजी शरीर त्यापासूनच बनवतं असं एक रसायन दिलं, रेटिनोइक आम्ल. उंदीर छान वाढले, धडधाकट राहिले. पण त्यांना आधी रातांधळेपणा आला, आणि महिने गेले तसे ते पूर्ण आंधळे झाले.

अ जीवनसत्त्व शरीरात तीन रूपांत वावरतं. साठवणीचं आणि रक्तातून ने-आण करण्याचं रूप म्हणजे रेटिनॉल. डोळ्याला लागतं ते रेटिनाल. आणि पेशींची वाढ, त्वचा, आतड्याचं अस्तर यांच्यासाठी रेटिनोइक आम्ल. रेटिनॉलचं रेटिनाल होतं आणि रेटिनालचं पुन्हा रेटिनॉलही होतं. रेटिनालपासून आम्ल मात्र एकदा बनलं की ते मागे वळत नाही. म्हणूनच आम्लावर जगणाऱ्या उंदरांचं सगळं शरीर ठीक चाललं आणि डोळे उपाशी राहिले.

हे रेटिनाल डोळ्यात येतं कुठून? दूध, अंड्याचा बलक, कलेजी यांतून तयार अ जीवनसत्त्व मिळतं. गाजर, आंबा, शेवग्याचा पाला, माठ यांत बीटा-कॅरोटीन असतं. आतड्यात त्याचा रेणू बरोबर मधोमध तुटतो आणि रेटिनालचे दोन रेणू मिळतात. मात्र भाजीतलं बरंचसं बीटा-कॅरोटीन शोषलंच जात नाही, जेवणात तेल-तूप नसेल तर आणखीच कमी. ढोबळ हिशेबात असं १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन पोटात गेलं, तर १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलचं काम होतं. मिळालेलं रेटिनॉल यकृतात साठतं. गरजेप्रमाणे यकृत ते एका वाहक प्रथिनाच्या सोबतीने रक्तात सोडतं, आणि दृष्टिपटलाच्या मागे चिकटून असलेला गडद रंगाच्या पेशींचा थर ते उचलून घेतो.

खरं काम या थरात होतं. रेटिनॉलचा रेणू म्हणजे एक लांब शेपूट, आणि एरवी ती सरळ असते. डोळ्याला हवी असते ती अकराव्या कार्बनपाशी वाकलेली, ज्याला रसायनशास्त्रात ११-सिस म्हणतात. सरळ रेणू आपणहून वाकत नाही, त्याला ऊर्जा लागते. म्हणून हा थर आधी रेटिनॉलला एक स्निग्धाम्ल जोडतो. मग आरपीई६५ नावाचं विकर ते जोड तोडतं आणि तोडताना मिळालेल्या ऊर्जेवर रेणू वाकवतं. वाकलेल्या रेटिनॉलचं लगेच वाकलेलं रेटिनाल केलं जातं आणि ते शेजारच्या दंडपेशींकडे पाठवलं जातं.

दंडपेशी म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी. त्यांच्यात ऑप्सिन नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. ऑप्सिनच्या पोटातल्या खाचेत वाकलेलं रेटिनाल बसलं की र्‍होडॉप्सिन तयार होतं. उजेड टिपणाऱ्या या रंगद्रव्यावर प्रकाशाचा एक कण आदळला की कोपरात दुमडलेला हात झटक्यात ताणावा तसं रेटिनाल सरळ होतं. याला लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या भागाइतका असतो. पाहण्याच्या सगळ्या प्रक्रियेत प्रकाशाचं काम एवढंच. आतलं रेटिनाल ताणलं गेल्याने ऑप्सिनचा आकार बदलतो, त्यातून रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते, पेशीत शिरणारा विद्युतप्रवाह कमी होतो, आणि ही बातमी पुढच्या पेशींमार्फत मेंदूकडे जाते.

आता ते सरळ झालेलं रेटिनाल निकामी असतं. ते ऑप्सिनपासून सुटतं, त्याचं पुन्हा रेटिनॉल होतं, आणि दंडपेशीतून मागच्या थरात जातं. तिथे ते पुन्हा वाकवलं जातं आणि परत येतं. भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत थोडं दिसू लागतं ते शंकुपेशींमुळे, म्हणजे दिवसाच्या उजेडात बघणाऱ्या पेशींमुळे. दंडपेशींची पूर्ण क्षमता यायला अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो, कारण हा फेरा पुरा व्हावा लागतो. या फेऱ्यात थोडी गळती होतच राहते, आणि ती रक्तातल्या रेटिनॉलने भरून निघते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की ही भरपाई थांबते.

पण शंकुपेशींनाही तेच रेटिनाल लागतं. मग आधी रात्रीचीच नजर का जाते? दिवसा प्रकाशकण इतके असतात की रंगद्रव्य थोडं कमी असलं तरी शंकुपेशींचं भागतं. रात्री एकेक कण मोलाचा असतो. निरोगी दंडपेशी एका कणालाही प्रतिसाद देते, आणि त्यासाठीच तिच्यात र्‍होडॉप्सिनचे कोट्यवधी रेणू दाटीने रचलेले असतात. त्यातले बरेच नसले तर कण कुठेही न अडता निघून जातो. याहून मोठं नुकसान मला वाटतं रिकाम्या ऑप्सिनमुळे होतं. रेटिनाल नसलेलं ऑप्सिन अगदी शांत बसत नाही, तीच रासायनिक साखळी ते मंदपणे चालू ठेवतं. म्हणजे काळोखातही दंडपेशीला फिकट उजेड असल्याचा भास होत राहतो, आणि खरा मंद उजेड त्यात बुडून जातो. त्यामुळे रंगद्रव्य निम्मं झालं म्हणून दुप्पट उजेड लागतो असं नाही, कितीतरी पट जास्त लागतो. उपाशी उंदरांच्या डोळ्यांतल्या विद्युतलहरी मोजून डाउलिंग यांना हेच दिसलं होतं.

उंदरांच्या डोळ्यांत सुरुवातीला र्‍होडॉप्सिन घटत होतं, ऑप्सिन मात्र जवळपास शाबूत होतं. या टप्प्यावर अ जीवनसत्त्व दिलं की रिकाम्या खाचा भरतात आणि नजर परत येते. रातांधळ्या मुलाला डोस दिल्यावर बहुधा एक-दोन दिवसांतच फरक दिसतो तो यामुळेच. उशीर झाला तर रेटिनालविना ऑप्सिनही टिकत नाही, दंडपेशीचं टोक ढासळतं आणि शेवटी पेशी मरते. उंदरांमध्ये हे महिन्यांत घडलं. माणसात बहुतेक वेळा त्याआधीच डोळ्याचा पुढचा भाग कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटोचे ठिपके उमटतात आणि बुबुळावर जखम होऊन अंधत्व येऊ शकतं.

प्रौढाच्या यकृतात काही महिने पुरेल एवढा साठा असतो. लहान मुलाकडे तो नसतो, आणि गोवर किंवा जुलाब झाले की असलेलाही झपाट्याने संपतो. दोन-अडीच वर्षांचं मूल आपल्याला कमी दिसतं असं सांगत नाही. दिवेलागण झाली की ते एका जागी बसून राहतं, वाटी चाचपडतं, दारात अडखळतं. हे आईला विचारूनच कळतं. आपल्याकडे मुलांना नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट दिले जातात. रातांधळेपणा दिसला तर एक वर्षावरच्या मुलाला २ लाखांचा डोस लगेच, दुसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी देतात. गरोदर बाईला मात्र असे मोठे डोस देत नाहीत, कारण जास्त अ जीवनसत्त्वाने गर्भात व्यंग येऊ शकतं. तिला रोज थोडंथोडं देतात.

आणि प्रत्येक रातांधळेपणा या औषधाने बरा होत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये दंडपेशीच आनुवंशिक दोषाने मरत असतात. काही मुलांत आरपीई६५ चा जनुकच बिघडलेला असतो. त्यांच्या रक्तात रेटिनॉल भरपूर असतं, मागच्या थरात ते साचतंही, पण वाकवणारं विकर नसल्याने दंडपेशींपर्यंत काही पोचत नाही. अशा रुग्णांच्या दृष्टिपटलाखाली त्या जनुकाची चांगली प्रत टोचण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.