चॅटची पीडीएफ आणि चॅटचे स्क्रीनशॉट: मजकूर परत काढायची वेळ येते तेव्हा

घर सोडलं, किल्ल्या दिल्या, पण डिपॉझिट अडकलं. घरमालकाशी सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालेलं असतं. कुणीतरी सांगतं, "चॅटची पीडीएफ करून ठेव." मग फोनवर तीस-चाळीस स्क्रीनशॉट काढले जातात, एखाद्या ॲपमध्ये ते एकामागोमाग लावून पीडीएफ तयार होते आणि काम झाल्यासारखं वाटतं. काही महिन्यांनी वकील विचारतात, "पंधरा हजारांचा विषय नेमका कुठल्या तारखेला निघाला?" त्या फाइलमध्ये 'डिपॉझिट' शोधलं, तर एकही जागा सापडत नाही.

सापडणार नाहीच, कारण त्या पीडीएफमध्ये अक्षरं नाहीत, अक्षरांचे फोटो आहेत. ब्राउझरमधून 'Save as PDF' करून काढलेल्या पीडीएफमध्ये खरी अक्षरं असतात. दोन्ही फाइलींच्या नावापुढे .pdf च लागतं आणि उघडल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं कसं? एका शब्दावर बोट दाबून धरा, किंवा माउस ओढून तो निवडून पाहा. शब्द निळा होऊन निवडला गेला तर आत मजकूर आहे. पानभर चौकोन आखला गेला, किंवा काहीच झालं नाही, तर तो फोटो आहे.

मग प्रिंटच का नको? व्हॉट्सॲपच्या बाबतीत इथे पहिली अडचण येते. संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडून Ctrl+P दाबलं, की बहुतेक वेळा एखादंच पान निघतं, आणि त्यावर पडद्यावर दिसत होतं तेवढंच. त्या पानात संपूर्ण चॅट कधी नसतेच. मधली पट्टी आपण वर सरकवू तसतसे जुने मेसेज आणले जातात, आणि प्रिंट मारणाऱ्या ब्राउझरला समोर आहे तेवढंच कळतं. म्हणून व्हॉट्सॲपपुरता प्रिंटचा खरा रस्ता फोनमधून जातो: चॅट उघडा, 'Export chat' निवडा, आलेली .txt फाइल संगणकावर उघडा, आणि हवी तर तिची पीडीएफ करा. मात्र त्या चॅटला 'Advanced chat privacy' लावलेलं असेल तर एक्सपोर्टची वाट बंद होते. हाती स्क्रीनशॉटच उरतात.

एक्सपोर्टमधली ओळ साधारण अशी असते:

```
12/03/24, 7:45 pm - घरमालक: डिपॉझिटचे १५,००० शुक्रवारी देतो
```

तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय बोललं, हे चारही एका ओळीत. हाच मेसेज स्क्रीनशॉटमध्ये पाहा. डावीकडे पांढरा फुगा, आत मजकूर, कोपऱ्यात फिकट अक्षरांत वेळ. दोघांच्याच चॅटमध्ये फुग्यावर नाव नसतं. डावीकडचा समोरचा, उजवीकडचा आपण, हे डोळ्यांनी ओळखायचं. तारीख कुठेतरी वर एकदाच येते, आणि चित्र त्याच दिवशी काढलं असेल तर तिथे फक्त 'आज' लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी त्या 'आज'चा काहीच उपयोग नाही. त्यामुळे चॅट एक-दोन आठवड्यांनी पुन्हा उघडून, तिथे पूर्ण तारीख दिसू लागल्यावर, दुसऱ्यांदा स्क्रीनशॉट काढावेत असं मी आग्रहाने सांगेन. समोरच्याच्या माहितीच्या पानाचाही एक हवा, नंबर दिसेल असा, कारण वर दिसणारं नाव आपणच सेव्ह केलेलं असतं.

आता मजकूर परत काढण्याकडे येऊ. आपल्या भाषेचा खरा प्रश्न इथे आहे.

पीडीएफमध्ये अक्षरं असली तरी ती आपण टाइप केली त्या क्रमाने असतीलच असं नाही. युनिकोडमध्ये 'डि' लिहिताना आधी ड आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. कागदावर मात्र वेलांटी ड च्या आधी, डावीकडे काढली जाते. पीडीएफ मुळात 'कुठे काय काढायचं' याची नोंद ठेवते, त्यामुळे कॉपी करताना कधीकधी काढण्याचा क्रमच हाती येतो आणि 'डिपॉझिट'चं 'िडपॉिझट' होतं. रफाराची गत याहून वाईट. 'खर्च' मधला र आधी येतो, पण रफार काढला जातो च च्या डोक्यावर. कॉपी केल्यावर तो च नंतर जाऊन बसतो किंवा गायबच होतो, आणि हाती 'खच' उरतं. काही प्रोग्रॅम पीडीएफ बनवताना खरा क्रम वेगळा नोंदवून ठेवतात आणि काही वाचक-ॲप ती नोंद वापरतात. त्यामुळे एकच फाइल एका ॲपमध्ये नीट कॉपी होते आणि दुसऱ्यात विस्कटते. पडद्यावर ती दोन्हीकडे शुद्धच दिसते, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

पीडीएफ बनवली की लगेच दोन शब्द शोधून पाहा: एक ऱ्हस्व वेलांटीचा, एक रफाराचा. आपल्या चॅटमध्ये 'डिपॉझिट' आणि 'खर्च' आहेत, तर तेच. दोन्ही सापडले तर फाइल शोधायच्या कामाची आहे. नाही सापडले तर ती वाचायला आणि छापायला ठीक, पण मजकूर काढायचा तो .txt मधूनच. ती मूळ .txt पीडीएफ झाल्यावर पुसू नये, ती याचसाठी.

.txt हातात नसेल आणि पीडीएफ विस्कटलेली असेल, तर तिच्यातल्या अक्षरांचा नाद सोडून पानांचेच फोटो करायचे आणि ते ओसीआरने वाचून घ्यायचे. ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. गूगल लेन्सने एखादा स्क्रीनशॉट सहज वाचून होतो. पानं बरीच असली तर टेसरॅक्ट हा फुकट प्रोग्रॅम बरा. त्याची मराठीची फाइल `mar` आधी बसवून घ्यावी लागते.

```
pdftoppm -r 300 -png chat.pdf pan
tesseract shot.png out -l mar+eng
```

पहिली ओळ पॉपलर या फुकट प्रोग्रॅमची, ती पीडीएफच्या पानांचे pan ने सुरू होणाऱ्या नावांचे फोटो करते. दुसरी एका चित्राचा मजकूर काढून out.txt मध्ये ठेवते, त्यात shot.png च्या जागी आपल्या चित्राचं नाव लिहायचं. `mar+eng` अशासाठी, की आपल्या चॅटमध्ये 'udya bolu' आणि 'उद्या बोलू' शेजारी-शेजारी असतात. स्क्रीनशॉट थेट वाचायचे असतील तर पहिली ओळ लागत नाही.

ओसीआरमध्ये वेलांटी जागेवर राहते, कारण तो आकार पाहून शब्द लिहितो. चुका होतात त्या वेगळ्या: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, आणि हरवलेला अनुस्वार. हे शब्द वाचताना आपल्याला खटकतात आणि दुरुस्त होतात. आकडे खटकत नाहीत. '१५,०००' चं '९५,०००' झालं तर वाक्य तितकंच सुरळीत वाचलं जातं. म्हणून ओसीआरने आलेली प्रत्येक रक्कम, तारीख आणि वेळ चित्राशी बोट ठेवून ताडून पाहायची. बाकी मजकूर घाईत पाहिला तरी एकवेळ चालेल. डावा-उजवा भेदही ओसीआरमध्ये नाहीसा होतो. नुसत्या ओळी येतात, 'देतो' कोण म्हणालं ते आपल्या हाताने प्रत्येक ओळीपुढे लिहावं लागतं. पैशांच्या वादात याच नोंदीवर सगळं अवलंबून असतं.

ओसीआर करायची शक्यता असेल तर स्क्रीनशॉट काढतानाच थोडी काळजी घ्यावी. डार्क मोड बंद ठेवा. काळ्यावर पांढरी अक्षरं टेसरॅक्टला जड जातात. व्हॉट्सॲपमध्ये अक्षराचा आकार मोठा करा. लांब मेसेज 'Read more' दाबून आधी पूर्ण उघडा. आधीच्या चित्रातला शेवटचा मेसेज पुढच्या चित्रात सर्वांत वर यायला हवा, म्हणजे मधलं काही गाळलेलं नाही हे पाहणाऱ्याला दिसतं. ही चित्रं दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं आणि कोपऱ्यातली वेळ पुसट होते.

एवढे तोटे असूनही स्क्रीनशॉटला एका कामात तोड नाही. घरमालकाने 'देतो' लिहिलं आणि नंतर सर्वांसाठी डिलीट केलं, तर उद्याच्या एक्सपोर्टमध्ये तो मजकूर येणार नाही. असं डिलीट करायला व्हॉट्सॲप दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ देतं. मेसेज आल्या क्षणी काढलेलं चित्रच तो धरून ठेवतं. माझा क्रम असा आहे: महत्त्वाचा मेसेज आला की तिथल्या तिथे स्क्रीनशॉट, आणि आठवडा संपला की एक्सपोर्ट. शोधणं, मोजणं, तारखांची यादी करणं हे .txt वरून, दाखवणं चित्रावरून.

मात्र .txt मध्ये कुणीही एक शून्य वाढवू शकतं आणि चित्रही बदलता येतं. म्हणून कोर्टात या दोन्ही मूळ फोनमधल्या चॅटच्या प्रतीच ठरतात. जालन्याच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी हेच स्पष्ट झालं: मूळ उपकरणच हजर केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण प्रत दिली तर ते हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून निघणारा एक लांब क्रमांक. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

एक्सपोर्ट केल्या दिवशीच हा क्रमांक काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, म्हणजे त्याला तारीख मिळते. हॅश काढल्यावर ती फाइल उघडून सेव्ह करू नका. तारखांच्या खुणा, नावं, दुरुस्त्या जे काही लिहायचं ते दुसऱ्या प्रतीत. आणि डिपॉझिट हातात पडेपर्यंत जुना फोन विकू नका, त्यातली ती चॅटही पुसू नका.