रात्री अचानक पडणारा शाम्पूचा रॅक

बाथरूममधला सक्शन कपचा रॅक पडला की आपण म्हणतो, 'कप नीट चिकटला नव्हता.' पण सक्शन कप मुळात चिकटतच नाही. तो दाबला की आतली हवा बाहेर जाते, आणि मग बाहेरची हवा त्याला टाइलवर दाबून धरते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो.

५ सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटिमीटर भरतं. आतला दाब निम्म्यावर आला, तरी बाहेरची हवा त्याला १० किलोच्या जोराने भिंतीवर रेटते. हा जोर भिंतीकडे असतो, वजन मात्र खाली ओढतं. घसरण अडवायचं काम घर्षणाचं. कोरड्या टाइलवर घर्षण या जोराच्या निम्मं धरलं, तर एक कप ५ किलो पेलेल. साबणाच्या बुळबुळीत थरावर ते दहाव्या हिश्श्यावर आलं, तर जेमतेम १ किलो. म्हणजे दोन कपांचा, बाटल्यांसकट अडीच किलोचा रॅक कोरड्या भिंतीवर निवांत राहील आणि साबणाच्या थरावरून घसरेल. पाकिटावरचा मोठा आकडा कप भिंतीपासून सरळ ओढून मोजलेला असेल, तर रॅकसाठी त्याचा उपयोग नाही.

'कपाला पाणी लावा, पक्का बसतो' हा सल्ला अर्धाच खरा आहे. पाणी कडेच्या बारीक फटी बुजवतं, पण साबणाचा थर पुसला नसेल तर घसरण तशीच राहते.

आता रात्रीचं कोडं. कपाच्या कडेखालून हवा कणाकणाने आत झिरपते. टाइल खडबडीत असेल किंवा कड दोन टाइलमधल्या सांध्यावर आली असेल, तर भराभर. आत हवा वाढेल तसा रेटा कमी होतो, पण वजन तेवढंच राहतं. घर्षण वजनापेक्षा कमी पडलं की कप सुटतो. त्या क्षणी कुणी हात लावलेला असण्याची गरज नाही. हे आधी ओळखायचं तर कपाच्या खालच्या कडेलगत टाइलवर पेन्सिलने रेघ मारा. कड रेघेखाली सरकली की कप काढा, टाइल धुऊन कोरडी करा आणि तो पुन्हा दाबा.

ब्रशच्या हलक्या स्टँडला दुहेरी टेप पुरते. मात्र टाइल आधी स्पिरिटने पुसायची आणि टेप लावल्यावर निदान एक दिवस वजन टाकायचं नाही. जड रॅकला स्क्रूच हवा. छिद्र पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. प्लग टाइलच्या जाडीत न ठेवता मागच्या भिंतीत सरकवा. टाइलमध्ये तो फुगला तरी तीच गत होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि तो पिळण्याआधी छिद्रात सिलिकॉन भरा, म्हणजे पाणी टाइलमागे जात नाही.