दात काढायचाय, म्हणून गोळी बंद?

‘रक्त पातळ करायची गोळी दोन दिवसांपासून बंद ठेवली आहे’ असं सांगत बरेच पेशंट दाताच्या डॉक्टरांकडे येतात. सल्ला कधी शेजाऱ्यांचा असतो, कधी चक्क दवाखान्यातूनच फोनवर मिळालेला. एकदोन दात काढायचे असतील तर बहुतेक वेळा तो चुकीचाच असतो.

मुळात या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घातल्यासारखं काही घडत नाही. फक्त ते गोठायला जास्त वेळ लागतो. वॉरफेरिन आणि आपल्याकडे बरंच वापरलं जाणारं ॲसिनोकुमारॉल (ॲसिट्रॉम) यकृतात काम करतात. रक्त गोठवणारी २, ७, ९ आणि १० क्रमांकाची प्रथिनं यकृतात बनतात, पण ती कामाची व्हायला शेवटी व्हिटॅमिन के लागतं. गोळी ते व्हिटॅमिन पुन्हा वापरू देत नाही. प्रथिनं बनतात, पण निकामी.

खरी गंमत पुढे आहे. रक्तात आधीच असलेली चांगली प्रथिनं आपापल्या वेगाने संपतात. ७ क्रमांकाचं सुमारे ६ तासांत निम्मं होतं, तर २ क्रमांकाच्या प्रोथ्रॉम्बिनला त्यासाठी अडीच दिवस लागतात. गुठळी होण्यात मुख्य हात प्रोथ्रॉम्बिनचा. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली की आधी ७ क्रमांकाचं प्रथिन घटतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, चढू लागतो. रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त होतात, पण प्रोथ्रॉम्बिन अजून भरपूर शिल्लक असतं. त्यात भर म्हणजे गुठळी रोखणारं ‘प्रोटीन सी’ही व्हिटॅमिन के वरच अवलंबून असतं आणि तेही लवकर, साधारण ८ तासांत, निम्मं होतं. म्हणजे ‘दोन दिवसांची सुट्टी’ प्रत्यक्षात अनेक दिवस लांबते, आणि त्या काळात रक्त गुठळीकडे झुकलेलं असू शकतं.

समजा एका बाईंना हृदयात मायट्रल जागी, म्हणजे डावीकडच्या दोन कप्प्यांच्या मध्ये, धातूची झडप बसवली आहे. त्या ॲसिनोकुमारॉल घेतात, आयएनआर २.५ ते ३.५ ठेवायचा आहे आणि वरची एक दाढ काढायची आहे. (वरचा दात काढला की नजर जाते, ही निव्वळ भाकडकथा. डोळ्याची नस दाढेच्या मुळातून जात नाही.) आदल्या दिवशी आयएनआर ३.१ आला. तो ४ च्या खाली असेल तर एक ते तीन दात गोळी चालू ठेवून काढता येतात. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, ॲलर्जी नसेल तर. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्यावी, म्हणजे रक्त वाहिलंच तर दवाखाना उघडा असतो.

दाढ निघाली की खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज, वर टाके, आणि त्यावर गॉझ २० ते ३० मिनिटं घट्ट चावून धरायचा. लाळेत आणि हिरडीत गुठळी विरघळवणारी यंत्रणा असते, तिला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड अडवतं. ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात मिसळायची, दोन मिनिटं तोंडात नुसती धरायची आणि अलगद बाहेर सोडायची. असं दिवसातून चारदा, दोन दिवस. खळखळून चूळ भरली तर गुठळीच निघून येते. मिश्री किंवा तंबाखू खड्ड्याजवळही नको.

लाळ गुलाबी दिसणं चालतं. पण ताजा गॉझ दोनदा वीस वीस मिनिटं दाबूनही तोंड रक्ताने भरत असेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

बऱ्याचदा घोळ होतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी. दाताच्या दवाखान्यात सहज लिहून दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध वॉरफेरिन आणि ॲसिनोकुमारॉलचं यकृतातलं विघटन रोखतं, आणि आयएनआर झपाट्याने चढू शकतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनही टाळायची. दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं.

याच बाईंचं हर्नियाचं ऑपरेशन असेल तर हिशेब वेगळा. तिथे वरून दाबून रक्त थांबवता येत नाही. वॉरफेरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, ॲसिनोकुमारॉल २ ते ३ दिवस, आणि मायट्रल झडप धातूची असल्याने मधल्या काळात बहुधा गुठळी रोखणाऱ्या एनॉक्साप्रिनचं इंजेक्शन देतात. त्याचा शेवटचा डोस ऑपरेशनच्या २४ तास आधी. किडनी कमजोर असेल तर मात्रा बदलते. हे वेळापत्रक हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून द्यावं, तोंडी नको.

हाच इंजेक्शनचा आधार पूर्वी नुसत्या अनियमित ठोक्यांसाठीही, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, सर्रास दिला जाई. २०१५ साली ‘ब्रिज’ चाचणीत १८८४ रुग्णांवर तपासलं, तर गुठळीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं (इंजेक्शनविना ०.४ टक्के, इंजेक्शनसह ०.३), पण मोठा रक्तस्राव १.३ वरून ३.२ टक्क्यांवर गेला. धातूच्या झडपांचे रुग्ण मात्र त्या चाचणीत नव्हते.

एपिक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन यांसारख्या नव्या गोळ्यांचा असर तासांत उतरतो, त्यामुळे त्यांना इंजेक्शनचा आधार सहसा लागत नाही. साधा दात असेल तर त्या चालू ठेवतात, जास्त रक्त जाण्यासारखं काम असेल तर फक्त सकाळचा डोस वगळतात. आणि स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दातासाठी स्वतःहून एक दिवसही थांबवू नये. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो. दाताचा खड्डा गॉझ दाबून बंद करता येतो.